दोनशे नव्व्याण्णव मिनिटं, पंचाहत्तर सेकंदांत

राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाने २०१९ साली देशभर ‘वेळेच्या वापराचं सर्वेक्षण’ केलं. त्याचा अहवाल सप्टेंबर २०२० मध्ये आला आणि त्यातले दोन आकडे बातम्यांतून सगळीकडे फिरले. घरातल्या बिनपगारी कामात बायकांचे दिवसाला २९९ मिनिटं जातात, पुरुषांची ९७. म्हणजे बायका पुरुषांच्या साधारण तिप्पट राबतात, असा अर्थ बहुतेकांनी काढला.

आकडे खरे आहेत, पण हा अर्थ अपुरा आहे. त्याच अहवालात आणखी एक जोडी आहे, बायकांची २४३ मिनिटं आणि पुरुषांची २५. इथे अंतर तिप्पट राहत नाही, जवळजवळ दहापट होतं. एकाच सर्वेक्षणातून, एकाच कामाबद्दल इतकी वेगळी दोन उत्तरं येतात, कारण पहिल्या जोडीत फक्त त्या दिवशी घरकाम केलेल्यांची सरासरी आहे. दुसऱ्या जोडीत सगळेच मोजले आहेत, ज्यांनी त्या दिवशी काडीही इकडची तिकडे केली नाही तेसुद्धा. दोन्ही जोड्यांना सांधणारा दुवा आहे सहभागाचा. त्या दिवशी घरकाम करणाऱ्या मुली-बायका होत्या ८१.२ टक्के आणि मुलगे-पुरुष २६.१ टक्के. २९९ चे ८१.२ टक्के काढले की २४३ येतात, ९७ चे २६.१ टक्के काढले की २५.

छापील लेखात हे सहा आकडे एका तक्त्यात मांडता येतात. वाचक पुढे जाईल, मागे येईल, पुन्हा बघेल. पण हीच गोष्ट मोबाइलवरच्या सव्वा मिनिटाच्या हलत्या चित्रफितीत सांगायची असेल, तर बघणाऱ्याच्या हाती मागे येणं जवळपास नसतंच. कोणतं चित्र आधी आलं, कोणता आकडा कधी उच्चारला गेला आणि त्यानंतर किती वेळ शांतता होती, यावर तो तिप्पट समजून उठतो की दहापट हे ठरतं. अशा चित्रफितींना मोशन ग्राफिक्स म्हणतात. त्या बनवणाऱ्या अ‍ॅनिमेटरला सुरुवातीला जो लेखी आराखडा दिला जातो, त्याला या धंद्यात ब्रीफ म्हणतात. चांगल्या ब्रीफमध्ये रंग आणि अक्षरं यांच्याही आधी दोन गोष्टी ठरलेल्या असतात, आलेख उलगडण्याचा क्रम आणि निवेदनाचं वेळापत्रक.

वरच्या सहा आकड्यांवर पंचाहत्तर सेकंदांची मराठी फीत करायची आहे असं धरून हे ब्रीफ कसं घडतं ते पाहता येईल.

पहिली पायरी कागदावरची. फीत बघून झाल्यावर प्रेक्षकाने स्वतःच्या शब्दांत कोणतं एक वाक्य सांगावं, ते ब्रीफच्या माथ्यावर लिहायचं. इथे ते असं होईल: ‘घरकामातली दरी दोन थरांची आहे, एक तर फार थोडे पुरुष त्याला हात लावतात, आणि जे लावतात तेही कमी वेळ.’ ‘वेळेच्या वापराच्या सर्वेक्षणाची माहिती देणं’ असं लिहिलं, तर प्रत्येक आकडा आत येण्याचा हक्क सांगतो. नोकरीचे तास येतात, झोप येते, शहर-खेडं येतं आणि पंचाहत्तर सेकंदांत वीस आलेख कोंबले जातात. वरचं वाक्य मात्र स्वतःच क्रम सांगतं. थर दोन आहेत म्हणजे आधी किती जण, मग किती वेळ आणि शेवटी दोन्ही एकत्र.

दुसरी पायरी म्हणजे आकड्यांचा ताळेबंद. प्रत्येक आकड्यासमोर तो कुणाबद्दलचा आहे, कोणत्या दिवसाचा आहे आणि कशाचा नाही, हे लिहून ठेवायचं. अ‍ॅनिमेटर अहवाल वाचत नाही, तो ब्रीफ वाचतो. म्हणून इथे जे सुटतं ते पडद्यावर चुकतं. या सर्वेक्षणात सुमारे १ लाख ३९ हजार घरांतल्या ४ लाख ४७ हजार माणसांचा दिवस नोंदला गेला, पहाटे चारपासून दुसऱ्या दिवशीच्या पहाटे चारपर्यंत. नोंद अर्ध्या-अर्ध्या तासाच्या खणांत झाली. वय सहा वर्षं आणि त्यापुढचं. म्हणजे ८१.२ टक्क्यांत शाळकरी मुलीही आहेत आणि २५ मिनिटांच्या सरासरीत सहा वर्षांचा मुलगाही आहे. निवेदकाने नुसतं ‘बायका’ आणि ‘पुरुष’ म्हटलं की ही वयोमर्यादा गायब होते. फितीत एकदा तरी ती स्पष्ट यायला हवी.

त्याहून महत्त्वाचे शब्द आहेत ‘त्या दिवशी’. सव्वीस टक्के पुरुषांनी घरकाम केलं, याचा अर्थ उरलेले चौऱ्याहत्तर टक्के कधीच करत नाहीत असा नाही. नोंदलेल्या त्या एका दिवसात त्यांनी केलं नाही, एवढंच सर्वेक्षण सांगतं. रविवारी मटण शिजवणारा गृहस्थ मंगळवारच्या नोंदीत दिसणार नाही. ‘त्या दिवशी’ हे दोन शब्द कापले तर फार तर एक सेकंद वाचतो, पण विधान खोटं होतं. असे शब्द ब्रीफमध्ये अधोरेखित करून ठेवायचे, म्हणजे ध्वनिमुद्रणाच्या वेळी कुणी वेळ वाचवायला ते गाळणार नाही.

आता उलगडण्याचा क्रम. स्वीडनचे डॉक्टर आणि आंतरराष्ट्रीय आरोग्य विषयाचे प्राध्यापक हान्स रोसलिंग यांनी २०१० साली बीबीसीसाठी एक छोटं सादरीकरण केलं होतं. दोनशे देश, दोनशे वर्षं, चार मिनिटं. ते जगभर गाजलं ते हलत्या बुडबुड्यांमुळे, पण त्यातली पहिली काही सेकंदं बारकाईने पाहावीत. रोसलिंग बुडबुडे लगेच आणत नाहीत. आधी उभा अक्ष दाखवतात, माणसं किती वर्षं जगतात. मग आडवा, माणशी उत्पन्न किती. मग खालचा कोपरा गरीब आणि आजारी, वरचा कोपरा श्रीमंत आणि निरोगी, हे हाताने दाखवतात. त्यानंतर १८१० सालचे देश येतात, त्यांचे रंग आणि आकार सांगितले जातात, आणि मगच काळ सरकू लागतो. एका वेळी एकच नवी खूण शिकवायची आणि ती शिकून झाल्यावर पुढची, ही शिस्त आहे. प्रेक्षकाला आलेख वाचता येऊ लागेपर्यंत त्यात काहीही हलत नाही.

आपल्या फितीत ही शिस्त अशी उतरते.

पहिल्या दृश्यात फक्त एक आडवी पट्टी, चोवीस तासांची. डाव्या टोकाला पहाटेचे चार, उजव्या टोकालाही पहाटेचे चार, मधे दुपार आणि रात्र. निवेदन सांगतं: ‘पहाटे चार ते दुसऱ्या दिवशी पहाटे चार. दोन हजार एकोणीस साली देशभरातल्या साडेचार लाख माणसांचे असे चोवीस तास नोंदले गेले.’ हे वीस शब्द झाले. पट्टी डावीकडून उजवीकडे भरत जाते ती पहिल्या वाक्याबरोबर, आणि दुसऱ्या ‘चार’वर ती पूर्ण होते. मग ‘साडेचार लाख’ हा आकडा वर उमटतो. या दृश्याला तेरा सेकंद. ‘साडेचार लाख माणसांना विचारलं’ असं इथे मुद्दाम लिहिलेलं नाही. घरातल्या प्रत्येकाने स्वतःच उत्तर दिलं असं धरता येत नाही, पण प्रत्येकाचा दिवस नोंदला गेला हे नक्की.

दुसरं दृश्य ठिपक्यांचं. डावीकडे शंभर, उजवीकडे शंभर, सगळे करडे. आधी घरकाम म्हणजे काय ते ठरवायला हवं, कारण रोजच्या बोलण्यात पोरांना सांभाळणंही घरकामच असतं. सर्वेक्षणात मात्र मुलांची आणि वृद्धांची देखभाल हा वेगळा गट आहे. म्हणून ठिपके रंगण्याआधी एक वाक्य: ‘घरकाम म्हणजे स्वयंपाक, धुणीभांडी, झाडलोट, घरची खरेदी यांसारखी बिनपगारी कामं.’ चार कामांची चार छोटी चित्रं शब्दाबरोबर येतात आणि वाक्य संपल्यावर निघून जातात. मग: ‘सहा वर्षांपासून पुढच्या दर शंभर मुली-बायकांपैकी एक्क्याऐंशी जणींनी त्या दिवशी घरकाम केलं.’ डावीकडचे एक्क्याऐंशी ठिपके रंगतात. दोन सेकंद शांतता. ‘दर शंभर मुलगे-पुरुषांपैकी सव्वीस जणांनी.’ उजवीकडे सव्वीस रंगतात, चौऱ्याहत्तर करडेच राहतात. पुन्हा दोन सेकंद शांतता.

इथे स्तंभालेखाऐवजी ठिपके का, हा प्रश्न रास्त आहे. पुढच्या दृश्यात स्तंभ येणार आहेत आणि ते मिनिटांचे असतील. सहभागासाठीही स्तंभच वापरले, तर प्रेक्षकाच्या डोक्यात ८१ आणि २९९ एकाच मापाने मोजले जातात. माणसं मोजायला ठिपके आणि वेळ मोजायला स्तंभ असं वेगळं ठेवलं, की आकड्याचा प्रकार न वाचताही कळतो. दुसरा फायदा चौथ्या दृश्यात दिसेल.

तिसऱ्या दृश्यात करडे ठिपके कडेला सरकतात, फिके होतात, पण पडद्यावरून जात नाहीत. ब्रीफमध्ये या ओळीखाली दोन रेघा मारायला हव्यात, कारण अ‍ॅनिमेटरला मोकळी जागा हवी असते आणि करडे ठिपके पुसून टाकण्याचा मोह होतो. रंगीत ठिपक्यांच्या वर दोन उभे स्तंभ उगवतात. ‘ज्यांनी घरकाम केलं, त्यांना किती वेळ लागला? बायकांना सरासरी पाच तास. पुरुषांना दीड तासाहून थोडा अधिक.’ पडद्यावर मोठ्या अक्षरांत ‘सुमारे ५ तास’ आणि खाली बारीक ‘२९९ मिनिटं’. दुसऱ्या स्तंभावर ‘१ तास ३७ मिनिटं’ आणि खाली ‘९७ मिनिटं’. बहुतेक बातम्या इथेच थांबल्या होत्या. या फितीत हे निम्मं अंतर आहे.

चौथं दृश्य हा फितीचा गाभा. ‘आता त्या दिवशी घरकाम न केलेल्यांनाही याच सरासरीत धरू.’ कडेला थांबलेले करडे ठिपके परत आपल्या जागी येतात, आणि ते बसताच स्तंभ खाली येऊ लागतात. आधी बायकांचा, कारण तो थोडाच उतरतो, २९९ वरून २४३ वर: ‘बायकांचे चार तास.’ मग पुरुषांचा. ९७ वरून तो थेट २५ वर येतो: ‘पुरुषांची पंचवीस मिनिटं.’ दोन्ही स्तंभ एकदम उतरवले तर डोळा एकावरच राहतो आणि दुसऱ्याचं घसरणं निसटतं. एकामागून एक उतरवले तर पहिला उतरताना प्रेक्षक नियम शिकतो आणि दुसरा उतरताना त्या नियमाने काय घडलं ते त्याला दिसतं. स्तंभ का उतरला याचं कारणही त्याच्या डोळ्यांसमोर असतं, कारण करड्या ठिपक्यांची ती गर्दी पडद्यावरच आहे. भागाकार न शिकवता सरासरी कशी खाली येते ते इथे कळतं. ठिपके तिसऱ्या दृश्यात पुसून टाकले असते, तर स्तंभ आपोआप, जादूने घसरल्यासारखे वाटले असते.

या दृश्यात एक धोका लपलेला आहे. स्तंभ खाली येताना पाहिला की माणसाला काळ पुढे गेला असं वाटतं. ‘पूर्वी पुरुष ९७ मिनिटं करत होते, आता २५ करतात’ असा पक्का गैरसमज घेऊन प्रेक्षक उठू शकतो. हलणाऱ्या आलेखाचा हा स्वभावच आहे. हालचाल म्हणजे बदल, आणि बदल म्हणजे काळ. त्यावर उपाय असा, की आधीच्या उंचीवर तुटक रेषेची चौकट ठेवून द्यायची आणि तिच्याजवळ ‘घरकाम केलेल्यांची सरासरी’ असं लिहायचं. उतरलेल्या स्तंभाजवळ ‘सगळ्यांची सरासरी’. वर्षाचा आकडा, ‘२०१९’, पहिल्या दृश्यापासून वरच्या कोपऱ्यात अचल राहतो. आणि उभ्या अक्षाचं माप तिसऱ्या दृश्यापासून शेवटपर्यंत तेच, शून्य ते तीनशे मिनिटं. २५ चा स्तंभ बुटका दिसतो म्हणून अक्ष ताणायचा नाही. तो बुटका आहे, हेच तर सांगायचं आहे.

काळाचा विषय निघाला की नवा आकडा हमखास पुढे येतो. २०२४ साली हेच सर्वेक्षण पुन्हा झालं आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये त्याची माहिती प्रसिद्ध झाली. त्यात घरकाम केलेल्या बायकांची सरासरी २८९ मिनिटं आहे, पुरुषांची ८८. फीत काढून घेणाऱ्या संस्थेला हे आकडे शेवटी लावावेसे वाटणारच. पण चौथ्या दृश्यानंतर ते लावले, तर पडद्यावर असतील २४३ आणि २५, त्यांच्याशेजारी येतील २८९ आणि ८८, आणि पाच वर्षांत पुरुषांचं घरकाम तिपटीहून वाढलं असा साफ खोटा निष्कर्ष निघेल. खरं तर ९७ चे ८८ झाले आहेत, म्हणजे घटच आहे. आणि तिचाही अर्थ सरळ नाही. केलेल्यांचीच सरासरी घेतली, तर आधीचे लोक कमी करू लागले तरी ती उतरते आणि नवे लोक थोडा थोडा हात लावू लागले तरी उतरते. या फितीत २०२४ आणायचंच असेल, तर तिसऱ्या दृश्यात, त्याच स्तंभांवर, बारीक खुणेसारखं. ते न आणणं अधिक चांगलं. काळाची तुलना हा दुसऱ्या फितीचा विषय आहे.

यानंतर वेळेचा हिशेब. इंग्रजी फितींसाठी मिनिटाला दीडशे शब्दांचा ठोकताळा वापरतात आणि तो मराठीला तसाच लावला जातो. मराठीत तो चालत नाही. आपले प्रत्यय शब्दालाच चिकटतात, त्यामुळे ‘मुली-बायकांपैकी’ हे मोजायला एक आणि बोलायला जवळजवळ एक सेकंद असतं. सावकाश, समजावून सांगणाऱ्या मराठी निवेदनाला सेकंदाला दोन शब्द हा हिशेब सुरुवातीला धरावा आणि मग घड्याळ लावून मोठ्याने वाचून तो दुरुस्त करावा. आपल्या फितीचं निवेदन, शेवटच्या एका वाक्यासह, अवघं ८५ शब्दांचं आहे. म्हणजे बोलणं सुमारे त्रेचाळीस सेकंदांचं आणि उरलेले तीसहून अधिक सेकंद शांततेचे. पैसे देणाऱ्याला ही शांतता वाया गेल्यासारखी वाटते आणि तो आणखी दोन वाक्यं घालायला सांगतो. त्याला नकार द्यायचा आधार ब्रीफमध्येच असावा. त्यासाठी प्रत्येक शांततेपुढे ती कशासाठी आहे हे लिहायचं: ‘दोन सेकंद: सव्वीस रंगीत आणि चौऱ्याहत्तर करडे यांची तुलना.’

आकडे बोलायला किती वेळ लागतो, इकडे फारसं कुणी लक्ष देत नाही. ८१.२ पडद्यावर चार अक्षरं घेतो. बोलताना त्याचं ‘एक्क्याऐंशी पूर्णांक दोन दशांश टक्के’ होतं, अडीच-तीन सेकंद खातं आणि ऐकणारा दशांशापर्यंत पोचता पोचता एक्क्याऐंशी विसरतो. म्हणून आवाजात ‘शंभरातल्या एक्क्याऐंशी’ आणि पडद्यावर बारीक अक्षरांत ८१.२ टक्के. ‘दोनशे नव्व्याण्णव मिनिटं’ ऐकून कुणाच्या मनात काही उभं राहत नाही, ‘पाच तास’ ऐकून राहतं. मात्र आवाजातला आकडा आणि पडद्यावरचा मोठा आकडा एकच हवा. कान ‘पाच तास’ ऐकतोय आणि डोळा ठळक ‘२९९’ वाचतोय, असं झालं की दोघंही अडखळतात.

चित्र आणि शब्द यांचं जुळणं सेकंदाच्या भागांत ठरवावं लागतं. सेकंदाला पंचवीस फ्रेमची फीत धरली, तर स्तंभ उगवायला पंधरा ते वीस फ्रेम पुरतात. निवेदक ‘पुरुषांना’ म्हणतो तेव्हा स्तंभाची जागा उजळते, पुढच्या शब्दांबरोबर तो वर चढतो आणि वाक्य संपतं तिथे त्याच्या माथ्यावर आकडा उमटतो. आकडा आधी आला तर प्रेक्षक वाचून मोकळा होतो, कारण वाचणं ऐकण्यापेक्षा वेगवान असतं, आणि पुढचं वाक्य त्याच्यासाठी शिळं होतं. आकडा उशिरा आला तर तो वाट पाहत बसतो आणि मधली जोडवाक्यं त्याला ऐकू येत नाहीत. आकडा उमटल्यावर किमान दीड सेकंद पडद्यावर काहीच हलू नये. शून्यापासून भराभर पळत २९९ वर थांबणारे आकडे हल्ली फार दिसतात. या फितीच्या ब्रीफमध्ये त्यांना मनाई हवी. पळताना ते वाचता येत नाहीत, आणि मधे दिसणारा प्रत्येक आकडा खोटा असतो.

हालचालीने समजायला मदत होते की नाही, यावर अभ्यासकांनी प्रयोग केले आहेत आणि उत्तर सरसकट ‘हो’ नाही. जेफ्री हीर आणि जॉर्ज रॉबर्टसन यांनी २००७ साली दाखवलं, की एका आलेखातून दुसऱ्यात जाताना नीट आखलेली हालचाल असेल, तर कोणती गोष्ट कुठे गेली याचा माग प्रेक्षकाला जास्त चांगला ठेवता येतो. आपलं चौथं दृश्य याच आधारावर उभं आहे. पण पुढच्याच वर्षी रॉबर्टसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या प्रयोगात, स्वतः विश्लेषण करायला बसलेल्या लोकांना हलते बुडबुडे आवडले तरी स्थिर छोटे आलेख शेजारी शेजारी मांडल्यावर ते जास्त अचूक ठरले. त्यामुळे ब्रीफ लिहिणाऱ्याने प्रत्येक दृश्यापुढे विचारावं, इथे हालचाल काही सांगते का? ठिपके परत येतात आणि म्हणून स्तंभ उतरतो, ही हालचाल कारण सांगते. आलेख गिरकी घेत आत येतो, ही काहीच सांगत नाही.

ब्रीफ तयार झालं की थेट अ‍ॅनिमेशन सुरू करायचं नसतं. आधी कुणाच्याही आवाजात, अगदी मोबाइलवर, कच्चं निवेदन मुद्रित करतात. त्यावर स्टोरीबोर्डची स्थिर चित्रं ठरलेल्या वेळेला बदलत ठेवतात. या कच्च्या फितीला अ‍ॅनिमॅटिक म्हणतात. ती एका दिवसात होते आणि तिथे सापडलेली चूक फुकटात दुरुस्त होते. तीच चूक पूर्ण अ‍ॅनिमेशन झाल्यावर सापडली, तर एका शब्दामागे त्याच्या पुढच्या सगळ्या हालचाली सरकवाव्या लागतात. पक्का आवाज मुद्रित झाल्यावर त्याच्या लयीनुसार वेळा पुन्हा बसवायच्या. निवेदिका नैसर्गिकपणे जिथे थांबते तिथे शांतता ठेवायची, आराखड्यातल्या सेकंदांसाठी तिचा श्वास कापायचा नाही.

अ‍ॅनिमॅटिकची परीक्षा तीनदा घ्यावी. एकदा आवाज बंद करून, कारण बसमध्ये, कचेरीत बरेच जण तशीच फीत बघतात. तेव्हा ‘त्या दिवशी’ आणि वयोमर्यादा पडद्यावरही दिसते का ते कळतं. एकदा चित्र न बघता नुसतं ऐकून. आणि एकदा विषयाशी संबंध नसलेल्या पाच-सहा जणांना एकेकटं दाखवून. त्यांना ‘आवडलं का’ विचारू नये. तीन प्रश्न पुरतात: शंभरातल्या किती पुरुषांनी घरकाम केलं? पाच तास हा आकडा कुणाचा? स्तंभ खाली का आले? तिसऱ्या प्रश्नाला ‘आता लोक कमी काम करतात’ असं उत्तर आलं, तर काळाचा गैरसमज झाला आहे. तुटक चौकट ठळक करायची आणि करडे ठिपके बसल्यावर स्तंभ उतरण्याआधी आणखी एक सेकंद थांबायचं. दुसऱ्या प्रश्नाला नुसतं ‘बायकांचा’ असं उत्तर आलं, तर ‘ज्यांनी घरकाम केलं’ हे शब्द संगीताखाली दबले आहेत किंवा स्तंभ फार लवकर उगवला आहे. कारण डोळ्याला काही हलताना दिसलं की कान क्षणभर बंद होतो.

शेवटचे नऊ सेकंद मर्यादेचे. स्तंभ आणि ठिपके जागेवर राहतात, खाली एक ओळ येते आणि निवेदन तीच वाचतं: ‘मुलांची आणि वृद्धांची देखभाल यात धरलेली नाही.’ त्याखाली सर्वेक्षणाचं नाव, करणारी संस्था, वर्ष आणि वयोगट. ही अक्षरं मोबाइल हाताच्या अंतरावर धरून वाचता येतील एवढी मोठी हवीत आणि किमान चार सेकंद टिकायला हवीत. घाईत ही पाटी दीड सेकंदावर येते, म्हणून तिची वेळ ब्रीफमध्ये आकड्यांइतकीच ठामपणे लिहून, त्यापुढे ‘कमी करू नये’ असा शेरा मारून ठेवायचा.